तीन जागांचे चक्र आणि एकाची घनमुळे

तीन वस्तू तीन जागांवर मांडल्या आणि पहिल्या जागेवरील वस्तू दुसरीवर, दुसरीवरील तिसरीवर व तिसरीवरील पुन्हा पहिलीवर नेली, तर वस्तूंची जी अदलाबदल होते तिला चक्रीय क्रमचय म्हणतात. ही क्रिया तीनदा केली की सर्व वस्तू मूळ जागी परततात, एवढे सांगितले की तिच्याविषयी सांगण्यासारखे सारे संपले असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जागांवर वस्तूंऐवजी संख्या ठेवल्या आणि त्या संख्यांच्या बेरजा व पटी करण्याची मुभा घेतली, की या क्रियेच्या पोटात दडलेली रचना दिसू लागते, आणि ती रचना पाहण्यासाठी वास्तव संख्या अपुऱ्या पडतात, हे या विषयातील सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

तीन जागांवरील संख्या x, y, z मानल्या, तर क्रियेनंतर पहिल्या जागी z, दुसऱ्या जागी x आणि तिसऱ्या जागी y येते. संख्यांच्या अशा क्रमवार त्रिकुटाला सदिश म्हणतात. (x, y, z) या सदिशापासून (z, x, y) हा सदिश देणारी क्रिया संख्यांच्या चौकोनी मांडणीने, म्हणजे आव्यूहाने, लिहिता येते. तो आव्यूह P या अक्षराने दर्शवला, तर त्याचे स्वरूप असे असते:

```
०  ०  १
१  ०  ०
०  १  ०
```

प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात नेमका एकच १ आहे आणि बाकी सारी शून्ये आहेत. वस्तूंची कोणतीही अदलाबदल दर्शवणारा आव्यूह असाच असतो. प्रस्तुत आव्यूहाचे वेगळेपण एवढेच, की त्यातील एकही १ मुख्य कर्णावर नाही, कारण एकही वस्तू आपल्या जागी राहत नाही.

आता प्रश्न असा, की या क्रियेने ज्याची दिशा बदलत नाही, फार तर ज्याची काही पट होते, असा सदिश कोणता? अशा सदिशाला आयगेन सदिश आणि त्या पटीला आयगेन मूल्य म्हणतात. एखाद्या क्रियेचे आयगेन सदिश हाती आले, की ती क्रिया कितीही वेळा केली तरी काय होईल हे केवळ पटींच्या गुणाकाराने सांगता येते, म्हणून हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. पट λ मानली, तर (z, x, y) आणि (λx, λy, λz) हे दोन सदिश समान असले पाहिजेत, म्हणजेच z = λx, x = λy आणि y = λz. ही तीन समीकरणे चक्राच्याच क्रमाने एकमेकांत घातली, तर x ही λy असल्याने λ²z होते आणि z ही λx असल्याने λ³x होते; x = λ³x असे निष्पन्न होते. x शून्य असेल तर y आणि z हीसुद्धा शून्य ठरतात व सदिशच उरत नाही, म्हणून x शून्य नाही आणि λ³ = १ असलेच पाहिजे. सामान्यतः आयगेन मूल्ये काढण्यासाठी निश्चयक मांडून त्याचा विस्तार करतात आणि इथेही तो केला तर λ³ − १ = ० हेच समीकरण मिळते; पण वरील मार्गाने गेले तर घन कुठून आला हे उघड दिसते. तीन पावलांत चक्र पुरे होते, म्हणून पटीचा घन एक.

ज्या संख्येचा घन एक आहे अशी वास्तव संख्या एकच, ती म्हणजे १. परंतु λ³ − १ या बहुपदीचे (λ − १)(λ² + λ + १) असे अवयव पडतात आणि दुसऱ्या अवयवापासून आणखी दोन मुळे मिळतात. त्यांपैकी −१/२ + (√३/२)i या मुळाला ω म्हणण्याचा प्रघात आहे. येथे i म्हणजे जिचा वर्ग −१ आहे ती संख्या. दुसरे मूळ ω² असून ते −१/२ − (√३/२)i इतके आहे. वास्तव आणि काल्पनिक अशा दोन अक्षांच्या प्रतलावर १, ω आणि ω² या तीन संख्या मांडल्या, तर त्या एक त्रिज्येच्या वर्तुळावर एकमेकींपासून १२०° अंतरावर बसतात आणि समभुज त्रिकोणाचे शिरोबिंदू होतात. ω ने गुणणे म्हणजे त्या प्रतलात १२०° वळवणे. या तिघींची बेरीज शून्य असते, आणि पुढील जवळजवळ प्रत्येक हिशेब १ + ω + ω² = ० या एका नात्यावर चालतो. आव्यूहाच्या मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज ही नेहमी आयगेन मूल्यांच्या बेरजेइतकी असते असा एक सर्वसाधारण सिद्धांत आहे. P च्या कर्णावर तीन शून्ये आहेत, म्हणजे एकही वस्तू जागच्या जागी राहत नाही, आणि घनमुळांची बेरीज शून्य येते, ही एकाच गोष्टीची दोन रूपे ठरतात.

प्रत्येक मूल्याचा सदिश वरच्याच समीकरणांतून मिळतो. λ = १ घेतल्यास तिन्ही संख्या समान, म्हणजे (१, १, १). λ = ω घेऊन x ला १ मानले तर z = ω आणि y = ω² मिळतात, म्हणजे (१, ω², ω); आणि λ = ω² घेतल्यास (१, ω, ω²). येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्यांची हटकून गल्लत होते ती याच ठिकाणी: ω या मूल्याचा सदिश (१, ω, ω²) असावा असे मनाला सहज वाटते, पण P ची वरील मांडणी घेतल्यास तो (१, ω², ω) आहे. उत्तर बरोबर आले की नाही हे तपासण्याचा उपाय सोपा आहे. सदिशातील शेवटची संख्या पुढे आणावी आणि मिळालेला सदिश मूळ सदिशाच्या कितपट आहे ते पाहावे. (१, ω², ω) चा (ω, १, ω²) होतो आणि तो मूळ सदिशाच्या ω पट आहे, कारण ω·ω² = १ आणि ω·ω = ω².

वास्तव अवकाशात या साऱ्याचे चित्र स्पष्ट आहे. x, y, z हे तीन परस्परलंब अक्ष मानले, तर P ही क्रिया x अक्षाला y अक्षावर, y अक्षाला z अक्षावर आणि z अक्षाला x अक्षावर नेते. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने पाहिले असता त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा एकमेकींपासून १२०° वर दिसतात, आणि P म्हणजे त्या कर्णाभोवती घनाला दिलेला १२०° चा वळसा होय. कर्णाची दिशा (१, १, १) आहे आणि ती जागची हलत नाही, म्हणून १ हे आयगेन मूल्य वास्तव आहे. कर्णाला लंब असलेल्या प्रतलात, म्हणजे ज्या सदिशांच्या संख्यांची बेरीज शून्य आहे त्यांच्या प्रतलात, प्रत्येक सदिश १२०° नी वळतो आणि म्हणून त्यातला एकही वास्तव सदिश आपली दिशा राखत नाही. वास्तव संख्यांपुरते पाहिले तर या प्रतलात आयगेन सदिश नाहीत असेच म्हणावे लागते. संमिश्र संख्यांना प्रवेश दिला, की त्याच प्रतलात दोन आयगेन सदिश सापडतात आणि त्यांची मूल्ये ω व ω² ही एकमेकींची प्रतिबिंबे असतात, कारण वास्तव संख्यांच्या आव्यूहाची संमिश्र आयगेन मूल्ये नेहमी अशी जोडीनेच येतात. थोडक्यात, संमिश्र आयगेन मूल्य हे वास्तव अवकाशातील फिरण्याचेच चिन्ह असते आणि त्याचा कोन किती वळायचे हे सांगतो.

या तीन सदिशांचा खरा उपयोग असा, की कोणतेही त्रिकूट त्यांच्या पटींच्या बेरजेने एकाच प्रकारे लिहिता येते. (१, १, १) च्या पटीचा भाग म्हणजे तिन्ही संख्यांची सरासरी, आणि उरलेले दोन भाग सरासरीपासूनचे विचलन सांगतात. नुसते P घेतले तर हे विचलन वाढत नाही आणि घटतही नाही, केवळ फिरत राहते. (१२, ०, ०) पासून (०, १२, ०), मग (०, ०, १२), मग पुन्हा (१२, ०, ०), असे ते अखंड चालते. संगणकावर आयगेन मूल्य शोधण्याची एक प्रचलित रीत अशी आहे, की कोणताही सदिश घ्यावा, त्यावर आव्यूह पुनःपुन्हा चालवावा आणि सदिश कोणत्या दिशेला स्थिरावतो ते पाहावे. सर्वांत मोठ्या मूल्याची दिशा इतरांवर मात करते या भरवशावर ती रीत चालते. P च्या बाबतीत मात्र तिन्ही मूल्ये एक त्रिज्येच्या वर्तुळावर असल्याने कोणीच कोणावर मात करत नाही आणि ती रीत फसते. दर तीन पावलांनी तीच उत्तरे येऊ लागली, की सर्वांत मोठी मूल्ये एकापेक्षा अधिक असून ती वर्तुळावर समान अंतराने बसली असावीत, असे समजण्यास हरकत नसते.

आता नियम थोडा बदलला आणि प्रत्येक जागेने आपल्याजवळची निम्मी रक्कम ठेवून निम्मीच पुढच्या जागेला दिली, तर काय होते ते संख्यांनी पाहता येते. ही क्रिया म्हणजे एकक आव्यूह आणि P यांची सरासरी, (I + P)/२. (१२, ०, ०) पासून आरंभ केला तर पहिल्या फेरीनंतर (६, ६, ०), दुसरीनंतर (३, ६, ३) आणि तिसरीनंतर (३, ४.५, ४.५) अशा रकमा होतात. एकूण १२ कायम राहतात आणि सरासरी ४ आहे, म्हणून प्रत्येकीतून ४ वजा केले की विचलने दिसतात: प्रथम (८, −४, −४), मग (२, २, −४), मग (−१, २, −१), मग (−१, ०.५, ०.५). शेवटचे विचलन पहिल्याच्या नेमके −१/८ पट आहे. तीन फेऱ्यांत विचलन आठपट लहान झाले आणि उलटले, ही गोष्ट नुसत्या रकमांकडे पाहून सुचणे कठीण आहे, पण आयगेन मूल्ये ती एका ओळीत सांगतात. P चे आयगेन सदिश (I + P)/२ लाही लागू असतात आणि मूल्ये फक्त १, (१ + ω)/२ व (१ + ω²)/२ अशी बदलतात. १ + ω + ω² = ० या नात्याने १ + ω म्हणजे −ω², म्हणून (१ + ω)/२ ची लांबी १/२ आणि कोन ६०° आहे. प्रत्येक फेरीत विचलन निम्मे होते आणि ६०° नी वळते. तीन फेऱ्यांत १८०°, म्हणजे उलट दिशा, आणि लांबी १/८. नियमातील एवढ्याशा बदलाने वर्तुळावरील दोन मूल्ये आत सरकली, १ एकटे वर्तुळावर उरले, आणि जे कधीच स्थिरावत नव्हते ते (४, ४, ४) कडे जाऊ लागले.

हीच पद्धत आणखी सैल करता येते. स्वतःकडे p पट, पुढच्याला q पट आणि त्याच्या पुढच्याला r पट, असा कोणताही एकसारखा नियम pI + qP + rP² या आव्यूहाने दर्शवला जातो. याच्या प्रत्येक ओळीत त्याच तीन संख्या एकेक जागा सरकून येतात, म्हणून याला चक्रीय आव्यूह म्हणतात. याचे आयगेन सदिश तेच तीन असतात आणि मूल्ये अनुक्रमे p + q + r, p + qω + rω² आणि p + qω² + rω. आव्यूहाचा निश्चयक म्हणजे आयगेन मूल्यांचा गुणाकार, आणि या आव्यूहाच्या निश्चयकाचा थेट विस्तार केला तर p³ + q³ + r³ − ३pqr मिळतो. शालेय बीजगणितात ज्याचे (p + q + r) आणि (p² + q² + r² − pq − qr − rp) असे दोन अवयव पाठ करून घेतले जातात तो हाच विस्तार होय. दुसरा अवयव वास्तव संख्यांत आणखी फुटत नाही, पण संमिश्र संख्यांत तो p + qω + rω² आणि p + qω² + rω या दोघांचा गुणाकार आहे. p = १, q = २, r = ३ घेऊन पडताळा पाहिला तर एका बाजूला १ + ८ + २७ − १८ = १८ आणि दुसऱ्या बाजूला ६ × ३ = १८ येतात. दुसरा अवयव तिघांतील फरकांच्या वर्गांच्या बेरजेचा निम्मा असल्याने तिन्ही संख्या वास्तव असताना तो ऋण होत नाही आणि तिन्ही समान असतील तरच शून्य होतो; म्हणून असा चक्रीय आव्यूह उलटवता येत नाही ते p + q + r = ० असताना किंवा p = q = r असतानाच. अशाच निश्चयकाचे कोणत्याही सांत गटासाठी अवयव कसे पडतात, हा प्रश्न रिखार्ट डेडेकिंट यांनी १८९६ मध्ये पत्राने गेओर्ग फ्रोबेनिउस यांच्यापुढे ठेवला आणि त्याच्या उत्तरातून गटांच्या निरूपणांचा सिद्धांत जन्मला. तीन वस्तूंचे चक्र हे त्या सिद्धांताच्या सर्वांत सोप्या उदाहरणांपैकी एक आहे.

वस्तू तीनऐवजी n असतील तर वरच्या युक्तिवादात फक्त पावलांची संख्या बदलते आणि एकाची n वी मुळे मिळतात. चार वस्तूंसाठी ती १, i, −१ आणि −i अशी येतात. अदलाबदल एकाच चक्राची नसून अनेक चक्रांची असेल, तर प्रत्येक चक्र आपापली मुळे आणते. पाच वस्तूंपैकी तीन एका चक्रात आणि दोन परस्परांत बदलत असतील, तर मूल्ये १, ω, ω² आणि १, −१ अशी पाच येतात, आणि १ जितक्यांदा येतो तितकी चक्रे असतात. मात्र आयगेन मूल्यांना एक गोष्ट सांगता येत नाही: चक्र कोणत्या दिशेने फिरते. P² म्हणजे उलट दिशेचे चक्र, आणि त्याची मूल्ये १, ω², ω⁴ म्हणजे पुन्हा १, ω², ω अशीच आहेत. मूल्यांच्या यादीत काहीच फरक नाही. फक्त (१, ω², ω) या सदिशाला पूर्वी ω मिळत होते त्याला आता ω² मिळते. दिशेची माहिती मूल्यांत नसते, कोणते मूल्य कोणत्या सदिशाशी जोडलेले आहे या जोडीत ती असते.

दिशेचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण तीन फेजच्या विजेत तो अगदी रोकडा होतो. तीन फेजच्या पुरवठ्यात तीन तारांवरील विद्युतदाब सारख्याच मापाचे असतात, परंतु त्यांची आवर्तने एकमेकांच्या १२०° मागे चालतात. भारतात या तारांना लाल, पिवळी आणि निळी म्हणतात. लाल तारेचा दाब १ या संमिश्र संख्येने दर्शवला तर पिवळ्या तारेचा १२०° मागे असल्याने ω² आणि निळ्या तारेचा २४०° मागे असल्याने ω येतो, म्हणजे (१, ω², ω) हा P चा आयगेन सदिशच तारांवर प्रत्यक्ष उभा असतो. चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अधिवेशनात मांडलेल्या निबंधात दाखवले, की तीन फेजमधील कोणतीही असमान स्थिती तीन समतोल स्थितींच्या बेरजेत फोडता येते. या तीन घटकांना धन क्रमाचा, ऋण क्रमाचा आणि शून्य क्रमाचा घटक म्हणतात आणि ते अनुक्रमे (१, ω², ω), (१, ω, ω²) आणि (१, १, १) आहेत. अभियंते ω ऐवजी a लिहितात, एवढाच फरक. फोडण्याची रीतही साधी आहे. धन क्रमाचा घटक हवा असल्यास पिवळ्याला ω ने व निळ्याला ω² ने गुणून तिघांची बेरीज करावी आणि ३ ने भागावे. ऋण क्रमासाठी ω आणि ω² यांची अदलाबदल करावी. शून्य क्रमासाठी नुसती सरासरी घ्यावी.

आता पंपाच्या मोटरीचे उदाहरण घेऊन निळ्या तारेचा फ्यूज उडाला असे मानले, तर ती तार बंद पडते आणि लाल तारेतून जाणारा प्रवाह पिवळ्या तारेतूनच परत येतो. प्रवाह १ मापाचा घेतल्यास त्रिकूट (१, −१, ०) होते. सरासरी शून्य असल्याने शून्य क्रमाचा घटक नाही. धन क्रमाचा घटक (१ − ω)/३ आणि ऋण क्रमाचा (१ − ω²)/३ येतो. समभुज त्रिकोणाच्या १ पासून ω आणि ω² या दोन शिरोबिंदूंपर्यंतच्या बाजू सारख्याच, √३ लांबीच्या आहेत, म्हणून दोन्ही घटकांचे माप √३/३, म्हणजे सुमारे ०.५८, असे नेमके समान आहे. धन क्रमाचा प्रवाह मोटरीत एका दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ऋण क्रमाचा विरुद्ध दिशेने फिरणारे, त्यामुळे थांबलेल्या मोटरीवर दोन सारख्याच जोराच्या विरुद्ध ओढी पडतात आणि एकूण ओढ शून्य होते. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरीवरची मोटर एक फेज गेल्यावर चालू केली तर ती घुमते पण फिरत नाही आणि लवकर तापते, त्याचे कारण हे आहे. मोटर आधीच फिरत असताना फेज गेला तर ती बहुधा फिरत राहते, कारण गतीत असलेल्या चाकावर दोन क्षेत्रांची ओढ समान राहत नाही. पण तेच काम दोन तारांवर ओढण्यासाठी ती जास्त प्रवाह घेते आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी तिचे वाइंडिंग जळू शकते. पंपाच्या स्टार्टरमध्ये बसवलेला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर या स्थितीत मोटर बंद करतो.

तार पूर्ण न जाता दाब थोडाच असमान झाला, तरी मोटर का तापते हेही याच फोडीतून समजते. मोटरीची तीन वाइंडिंगे एकसारखी आणि १२०° अंतराने बसवलेली असल्याने लाल, पिवळी, निळी ही नावे चक्राने एकेक घर पुढे सरकवली तरी मोटरीत काही बदल होत नाही. म्हणूनच दाब आणि प्रवाह यांचे नाते सांगणारा तिचा आव्यूह चक्रीय असतो आणि प्रत्येक क्रमाचा घटक दुसऱ्यात न मिसळता आपापल्या आयगेन मूल्याने स्वतंत्रपणे वागतो. ती मूल्ये मात्र वेगवेगळी असतात. फिरणाऱ्या मोटरीला ऋण क्रमाचे क्षेत्र आपल्या विरुद्ध दिशेने, जवळजवळ दुप्पट वेगाने येताना भेटते आणि त्या क्षेत्रापुरती ती नुकत्याच सुरू होऊ घातलेल्या मोटरीसारखी वागते, म्हणजे प्रवाहाला फारच थोडा अटकाव करते. सुरू होताना मोटर नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह घेत असेल, तर ऋण क्रमाचा ५ टक्के दाब सुमारे ३० टक्के ऋण क्रमाचा प्रवाह खेचतो. हा प्रवाह उपयोगी काम करत नाही, उलट ब्रेक लावतो आणि उष्णता निर्माण करतो. मोटर उलटी फिरवायची असेल तर कोणत्याही दोन तारा आपापसांत बदलतात, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असते. पिवळी आणि निळी बदलली की (१, ω², ω) चा (१, ω, ω²) होतो आणि पूर्वी जो ऋण क्रम होता तोच पुरवठा बनतो.

शून्य क्रमाची गोष्ट वेगळी आहे. तिन्ही तारांतून एकाच क्षणी एकाच दिशेने जाणारा प्रवाह परत येण्यासाठी चौथी वाट लागते, आणि तीनच तारांनी जोडलेल्या धडधाकट मोटरीला ती नसल्याने (१, १, १) चा घटक शून्यच असतो. वाइंडिंगचे इन्सुलेशन फाटून प्रवाह बॉडीतून जमिनीत झिरपू लागला, की जमीन ही चौथी वाट होते आणि तीन प्रवाहांची बेरीज शून्य राहत नाही. ती मोजण्यासाठी ω ची गरज नसते, कारण १ या मूल्याचा घटक म्हणजे नुसती सरासरी. तिन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून नेल्या, तर त्या कड्यातील चुंबकीय क्षेत्र तिन्ही प्रवाहांच्या बेरजेच्या प्रमाणात असते, धन आणि ऋण क्रमाचे घटक त्यात आपोआप रद्द होतात, आणि कड्यावरील गुंडाळीत प्रवाह दिसू लागला की जमिनीकडे गळती होत आहे असे समजून संरक्षक रिले पुरवठा तोडतो.